नववं कलम

मोठे काका पेन घेऊनच आले होते. दारातच त्यांनी ते खिशातून काढून दाखवलं. "हे माझ्या निवृत्तीच्या दिवशी मिळालेलं. आज पोरीची पहिली सही याच पेनानं व्हायची."

रविवारची दुपार होती. मुंगीच्या नोकरीचं पत्र शुक्रवारी आलं होतं आणि शनिवारपर्यंत ते सगळ्या खानदानात पोचलं होतं. बाबांनी पंप दुरुस्तीच्या दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं होतं. आत्या बसनं आली होती आणि येताना बिस्किटांचे दोन पुडे घेऊन आली होती. घरातली ही पहिलीच इंजिनिअर. लहानपणी स्वतःपेक्षा मोठ्या वस्तू ओढत घरभर फिरायची म्हणून तिचं नाव मुंगी पडलं, ते पदवी मिळाली तरी सुटलं नव्हतं.

नोकरी लिफ्ट बसवणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या कंपनीत होती. शहरातल्या निम्म्या उंच इमारतींच्या लिफ्ट त्यांच्याकडे. मुंगीला लिफ्टचा मेंदू, म्हणजे तो कंट्रोलर, शिकायचा होता. मुलाखतीत सर्व्हिस विभागाच्या साहेबांनी तिला एक बिघडलेलं सर्किट हातात दिलं होतं आणि तिनं वीस मिनिटांत दोष शोधला होता. त्या वीस मिनिटांतच तिचं मन तिथं बसलं.

"तर मग," काका खुर्चीत ऐसपैस बसत म्हणाले, "कर सही. शुभस्य शीघ्रम्."

"काका, पत्र दोन पानांचं आहे, पण त्याला करारनामा जोडलाय. अकरा पानांचा."

"असतोच. मोठी कंपनी आहे, पानं जास्तच असणार. मी चौतीस वर्षं स्टोअरकीपर होतो, मला काय दिलं होतं माहिताय? एक पोस्टकार्ड. त्यावर लिहिलं होतं, सोमवारी या."

बाबा हसले. "दादा, तू सोमवारी गेलास आणि चौतीस वर्षांनीच परत आलास."

मुंगी हसली नाही. काल संध्याकाळी ती गच्चीत बसून अकराही पानं वाचून आली होती आणि एका कलमावर अडली होती. तिनं सातवं पान उघडलं. "नववं कलम वाचते. ऐका फक्त. 'कर्मचाऱ्याने प्रशिक्षण पूर्ण झाल्याच्या तारखेपासून चोवीस महिने कंपनीची सेवा करणे बंधनकारक राहील. या मुदतीत कोणत्याही कारणाने सेवा संपुष्टात आल्यास कर्मचाऱ्याने सहा महिन्यांच्या एकूण वेतनाइतकी रक्कम एकरकमी भरावी.'"

"म्हणजे बाँड," आत्या म्हणाली आणि तिनं चष्मा चढवला.

आत्यानं एकतीस वर्षं एका वकीलबाईंच्या ऑफिसात टायपिंग केलं होतं. करारनामे तिच्या बोटांखालून इतके गेले होते, की ती वर्तमानपत्रसुद्धा कायद्याचा कागद वाचावा तसं वाचायची.

"बाँड तर बाँड," काका म्हणाले. "दोन वर्षं काय पळून जातात. आणि तुला कुठं जायचंय? नोकरी लागायच्या आधीच सोडायचा विचार? हे म्हणजे बाजारात तुरी."

"सोडायची नाहीये हो. पण 'कोणत्याही कारणाने' म्हणजे? त्यांनी मला काढलं तरी मीच भरायचे?"

"शब्द बघ," आत्या म्हणाली. "'सेवा संपुष्टात आल्यास.' कुणी संपवली ते लिहिलेलंच नाही. म्हणजे त्यांनी काढलं तरी तूच. आणि मुदत कधीपासून? प्रशिक्षण संपल्यापासून. ते प्रशिक्षण कधी होणार?"

मुंगीनं पान चाळलं. "'कंपनीच्या सोयीनुसार.'"

"सोय आठ महिन्यांनी झाली, तर तुझी दोन वर्षं तिथून पुढं. चोवीस म्हणता म्हणता बत्तीस होतील. पुढचं वाच."

पुढं होतं ते असं. नोकरी सोडायची असल्यास कर्मचाऱ्यानं तीन महिन्यांची नोटीस द्यायची, कंपनीनं मात्र सात दिवसांची. मूळ गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र बाँडची मुदत संपेपर्यंत कंपनीकडे जमा राहतील. आणि कायम उत्पन्न असलेल्या एका नातेवाइकानं जामीनदार म्हणून सही करायची.

"जामीनदार मी," बाबा लगेच म्हणाले. "कुठं करायची सांग."

"दुकानाचं उत्पन्न कायम धरत नाहीत," काका म्हणाले. "पेन्शन कायम असते. मी करतो." आणि त्यांनी खरोखरच पेनाचं टोपण काढलं.

आत्या शांतपणे म्हणाली, "दादा, जामीनदार म्हणजे साक्षीदार नव्हे. उद्या ही नोकरी सोडून गेली आणि पैसे भरले नाहीत, तर ते तुझ्याकडून मागतील. तिच्याकडे आधी जायलाच हवं असंही नाही. इथं लिहिलंय, 'संयुक्तपणे व स्वतंत्रपणे'."

काकांनी टोपण परत लावलं. मग उगाचच खिडकीबाहेर बघितलं. "तशी घाई करण्यात अर्थ नाही," ते म्हणाले. "कागद नीट वाचलेला बरा असतो. मी नेहमी सांगतो."

बाबांना ठसका लागला. पण त्यांचा चेहरा लगेच गंभीर झाला. तीन वर्षांपूर्वी ते कामाला होते तो कारखाना बंद पडला, तेव्हापासून दुकान आणि आईचा पगार यांच्या जिवावर हे घर आणि मुंगीचं कॉलेज चाललं होतं. "तरी मला वाटतं, फार ताणू नये," ते म्हणाले. "चाळीस जणांतून सात घेतले म्हणतात. तू शहाणपणा दाखवलास आणि त्यांनी आठव्याला बोलावलं तर? ढीगभर पोरं घरी बसलीत. आधी पाय रोवू दे, मग बघू."

"बरोबर आहे," काका म्हणाले. जामीनदारकी टळल्यावर ते पुन्हा मूळ बाजूला आले होते. "हातचं सोडून पळत्याच्या मागं कशाला?"

आता दोघे भाऊ एका बाजूला आणि बहीण दुसरीकडे झाली. आत्या म्हणत होती विचारायचं, भाऊ म्हणत होते गप्प बसायचं. मुंगी मध्ये. तिला दोन्ही बाजू पटत होत्या आणि हीच अडचण होती. तिला ती नोकरी हवी होती. मनापासून हवी होती.

तेवढ्यात आई चहाचे कप घेऊन बाहेर आली. ती इतका वेळ स्वयंपाकघरातून ऐकत होती. आई इस्पितळात एक्स-रे काढायची, पंचवीस वर्षं. कमी बोलायची. रुग्णांना दिवसभर 'श्वास रोखा, आता सोडा' सांगून तिचे शब्द संपतात, असं बाबा गमतीनं म्हणत.

तिनं कप ठेवले आणि म्हणाली, "मूळ प्रमाणपत्र द्यायचं नाही. बाकी तुम्ही काय ठरवायचं ते ठरवा."

"अगं, परत देतात ते," काका म्हणाले.

"भाऊजी, माझं दिलं नव्हतं."

आई खुर्चीच्या कडेवर टेकली.

"लग्नाआधी मी एका खाजगी दवाखान्यात लागले होते. तिथं डिप्लोमाचं मूळ प्रमाणपत्र ठेवून घेतलं, तीन वर्षांसाठी. दुसऱ्या वर्षी मोठ्या सरकारी इस्पितळातून बोलावणं आलं. आठ दिवसांत मूळ कागद घेऊन या म्हणाले. मी रोज मालकांच्या केबिनबाहेर उभी राहायचे. साहेब बाहेरगावी आहेत, साहेब मीटिंगमध्ये आहेत. नवव्या दिवशी साहेब भेटले. फार प्रेमानं बोलले." आईनं बशी पुसली. "ती जागा गेली ती गेलीच."

मुंगीनं आईकडे पाहिलं. हे तिनं कधीच ऐकलं नव्हतं. बाबांची मान खाली होती, म्हणजे त्यांना माहीत होतं.

काकांचा चेहरा मात्र उतरला. "तो दवाखाना... तिथं तुझ्या वडिलांना ओळख मीच काढून दिली होती."

"हो."

"तू कधी बोलली नाहीस."

"तुम्ही चांगल्या मनानं केलं होतंत. आणि कागदात ते कलम होतं, मीच वाचलं नव्हतं. बावीस वर्षांची होते. सगळे म्हणाले, कर सही." ती मुंगीकडे वळली. "चहा निवतोय. आणि तू विचार. विचारल्यावर नाही म्हणाले, तर मग बघू सही करायची का. पण न विचारता नको."

काकांनी पेन उचललं आणि बिस्किटाच्या पुड्याचा कागद उलटा करून त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'मुद्दा पहिला'. "सांग," ते आत्याला म्हणाले. "मी लिहितो."

त्या दुपारी घरात जी सभा भरली, तशी काकांच्या निवृत्तीलाही भरली नव्हती. आत्यानं तिच्या जुन्या वकीलबाईंना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. वकीलबाईंचा आवाज खणखणीत होता.

"हे बघ मुली, बाँड आहे म्हणून कोर्ट कुणाला हाताला धरून कामावर बसवत नाही. भरपाईचा प्रश्न येतो. कंपनीनं खरोखर प्रशिक्षण दिलं असेल, त्यावर खर्च केला असेल, तर वाजवी भरपाई त्यांना मागता येते. पण सहा महिन्यांचा पगार हा आकडा कुठून काढला ते त्यांना सांगता आलं पाहिजे. नुसता धाक दाखवायला लिहिलेला आकडा सहसा टिकत नाही."

"म्हणजे सही केली तरी चालेल?" बाबांनी आशेनं विचारलं.

"टिकत नाही हे सिद्ध करायला दोन वर्षं चपला झिजवाव्या लागतात. तोवर अनुभवाचा दाखला त्यांच्याकडे अडकलेला. म्हणून सगळी ताकद सहीच्या आधी. नंतर नाही. आणि एक. ते म्हणतील, हे नुसतं छापील आहे, आम्ही कधी वसूल करत नाही. शेवटचं कलम वाच."

मुंगीनं वाचलं. "'या करारापूर्वी झालेले कोणतेही तोंडी वा लेखी बोलणे ग्राह्य धरले जाणार नाही.'"

"झालं. तोंडी आश्वासन म्हणजे पाण्यावरच्या रेघा. जे ठरेल ते करारात बदलून घ्यायचं, नाहीतर पुरवणी पत्रात लिहून, ज्याला अधिकार आहे त्याच्या सहीनं. आणि भांडायला जाऊ नकोस. त्यांचा खर्च खरा असेल, तर तो मान्य कर. त्यांची भीती ओळखलीस, की निम्मं काम झालं."

मुंगीनं मेल लिहायला दीड तास घेतला. काकांना सुरुवात 'आपल्या कंपनीचा करार एकतर्फी असून' अशी हवी होती. आत्यानं ती खोडली. शेवटी पहिल्या परिच्छेदात तिनं आभार मानले. पद, पगार आणि रुजू व्हायची तारीख मान्य आहे, आणि काम करायची उत्सुकता आहे, असं स्पष्ट लिहिलं. मग, 'सही करण्यापूर्वी नवव्या कलमातील काही बाबींवर आपल्याशी बोलायचे आहे' असं म्हणून सहा मुद्दे आणि प्रत्येकासमोर तिला सुचलेला पर्याय. पत्राची मुदत शुक्रवारी संपत होती, म्हणून त्याआधी भेटीची वेळ मागितली.

सोमवार गेला. मंगळवारही गेला. बाबा दिवसातून चारदा दुकानातून वर येऊन 'काही आलं का' असं विचारायच्या ऐवजी 'पाणी आलं का' असं विचारत होते. काका फोनवर म्हणाले, "मी तेव्हाच म्हणालो होतो," आणि काय म्हणालो होतो हे त्यांचं त्यांनाच न आठवल्यानं फोन ठेवून दिला.  आठवा माणूस मुंगीला डोळ्यांसमोर दिसायला लागला होता. नीट इस्त्री केलेला शर्ट घातलेला, हसून सही करणारा.

बुधवारी सकाळी बोलावणं आलं.

कंपनीचं ऑफिस सहाव्या मजल्यावर होतं. छोट्या खोलीत टेबलापलीकडे भरतीचं काम बघणाऱ्या मॅडम होत्या आणि शेजारी ते सर्व्हिसचे साहेब. साहेबांच्या बाहीला ग्रीसचा डाग होता, त्यामुळे मुंगीला थोडा धीर आला.

मॅडम गोड बोलल्या. "तुमचा मेल वाचला. हे सगळं ठरलेलं छापील असतं हो. बाकी सहा जणांनी सही केली. आणि खरं सांगू, आम्ही आजवर कुणाकडून वसूल केलेलं नाही."

 हे वाक्य मुंगी रविवारीच ऐकून आली होती. "मग ते बदलायला तुम्हालाही फार अडचण नसावी, मॅडम. शेवटचं कलम म्हणतं, तोंडी बोलणं धरणार नाही. म्हणून लिहून मागते."

साहेब खुर्चीत पुढं झुकले. "माझी बाजू ऐका. मागच्या वर्षी मी दोन मुलांना कंट्रोलर बनवणाऱ्या कारखान्यात तीन आठवड्यांसाठी पाठवलं. फी, राहणं, प्रवास सगळं कंपनीचं. परत आले, चौथ्या महिन्यात प्रमाणपत्र घेऊन दुसरीकडे गेले. एका इमारतीत लिफ्ट दोन दिवस बंद होती आणि तेराव्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाई माझ्या नावानं बोटं मोडत होत्या. हे कलम माझ्यामुळं आलंय."

"त्या मुलांनी तसं करायला नको होतं," मुंगी म्हणाली, आणि तिला ते खरंच वाटलं. "सर, एका माणसाचा खर्च किती आला होता?"

साहेबांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी फाइल उघडली, कॅल्क्युलेटरवर बोटं चालवली. "फी, राहणं, प्रवास धरून... तुमच्या पगारात मोजलं, तर साधारण दोन महिन्यांचा."

"मग दोन महिन्यांचा लिहा. तो मी मान्य करते. पण मी वर्षभर काम केलं, तर त्यातला बराच तुमचा वसूल झालेला असेल. म्हणून दर महिन्याला तो कमी होत जावा. आणि मुदत रुजू झाल्यापासून बारा महिने."

"बारा फार कमी," साहेब म्हणाले. "कंट्रोलरवर हात बसायलाच सहा महिने जातात. चोवीस."

"चोवीसला मी नाही म्हणत नाही, सर, पण मग ती मुदत प्रशिक्षण संपल्यापासून नको."

"अठरा," साहेब म्हणाले. "रुजू झाल्यापासून."

"अठरा. दर महिन्याला अठरावा भाग कमी. म्हणजे नऊ महिन्यांनी सोडली, तर एक महिन्याचा पगार. आणि प्रशिक्षणाला पाठवलंच नाही, तर काहीच नाही."

साहेबांनी हसू दाबलं. "लिहा, मॅडम."

मॅडमनी लिहिलं, पण कंपनीनं काढलं तर, या मुद्द्यावर त्या अडल्या. "एखाद्यानं मुद्दाम काम बिघडवून स्वतःला काढून घेतलं तर?"

मुंगीनं याचा विचार केला नव्हता.  "गैरवर्तन सिद्ध होऊन काढलं, तर बाँड लागू राहू दे. पण काम कमी झालं म्हणून, किंवा विभाग बंद केला म्हणून काढलं, तर नको. आणि आजारपणामुळं सोडावी लागली, तरी नको."

"डॉक्टरांचा दाखला असेल तर," मॅडम म्हणाल्या आणि लिहिलं. मग पेन खाली ठेवून त्या म्हणाल्या, "जामीनदार काढते, रक्कम कमी झाल्यावर त्याची गरज नाही. पण मूळ प्रमाणपत्रं सगळ्यांची घेतो आम्ही. सात जणांत एकीला सूट कशी देऊ?"

इतका वेळ मुंगी हिशेबानं बोलत होती. आता तिनं समोरचा कागद बाजूला सारला. "मूळ कागद मी समोर ठेवते, तुम्ही तपासा, प्रती ठेवून घ्या, हव्या तितक्या. पण मूळ मी देणार नाही. यावर मी मागं येऊ शकत नाही, मॅडम. यासाठी नोकरी गेली तर मला फार वाईट वाटेल, पण तरी देणार नाही."

 बाहेर कुठंतरी लिफ्टची घंटी वाजली.

मॅडमनी पेन पुन्हा उचललं. "कपाटात दोनशे प्रमाणपत्रं आहेत," त्या अचानक साहेबांना म्हणाल्या. "गेल्या पावसाळ्यात भिंतीला ओल आली, तेव्हा मला झोप नव्हती. एखादं भिजलं असतं, तर मी काय तोंड दाखवलं असतं?"

"मग नका घेऊ," साहेब म्हणाले.

"सूट एकीला देता येत नाही म्हणाले ना मी," मॅडमनी ओळ आडवी खोडली. "तर सगळ्यांचीच नको."

नोटिशीवर मात्र त्या हलल्या नाहीत. मुंगीला दोघांना एक महिना हवा होता. मॅडम म्हणाल्या, लिफ्टच्या कामात बदली माणूस महिन्यात मिळत नाही. शेवटी दोन्ही बाजूंना दोन महिने ठरले. आणि तीस दिवसांपेक्षा जास्त बिनपगारी रजा घेतली, तर तेवढे दिवस मुदतीत वाढतील, हेही मुंगीनं मान्य केलं. मनात ती थोडी खट्टू झाली, पण सगळंच आपल्या मनासारखं झालं असतं, तर ते बोलणं नसतं, हट्ट असता.

गुरुवारी दुपारी सुधारलेला करार आला, संचालकांच्या सहीसह. काका आणि आत्या आधीच येऊन बसले होते. आत्यानं तो आधी एकटीनं वाचला, मग मोठ्यानं वाचला, मग जुना आणि नवा शेजारी ठेवून ओळ न् ओळ जुळवली. एका ठिकाणी 'रुजू झाल्यापासून'ऐवजी जुनेच शब्द राहिले होते. मुंगीनं फोन केला, मॅडम 'अरे हो' म्हणाल्या आणि तासाभरात पान बदलून आलं.

"आता कर," आत्या म्हणाली.

मुंगीनं काकांच्या पेनानं प्रत्येक पानावर सही केली. काका बाजूला उभे राहून पानं उलटत होते आणि प्रत्येक पानाला 'हं' म्हणत होते. संध्याकाळपर्यंत त्यांनी तीन शेजाऱ्यांना सांगितलं होतं, की आम्ही कंपनीला नववं कलम बदलायला लावलं. चौथ्यानं, जामीनदार कोण राहिलं असं विचारल्यावर ते विषय बदलून हवेकडे वळले. आईला मात्र ते स्वयंपाकघराच्या दारात भेटले. काय बोलले ते कुणाला ऐकू आलं नाही. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात चहाचा कप होता आणि डोळे पुसायला त्यांनी चष्म्याचं निमित्त केलं.

सोमवारी मुंगी रुजू झाली. सातही जण एका लांब टेबलाशी बसले होते. मॅडम आत आल्या, त्यांनी बाकीच्या सहा जणांची मूळ प्रमाणपत्रं ज्याची त्याला परत केली, आणि नव्या नवव्या कलमाची पुरवणी पत्रं वाटली. कुणाला काही कळेना. शेजारचा मुलगा मुंगीच्या कानाशी लागला, "हे काय झालं?"

"वाचून बघ," ती म्हणाली. "चांगलं आहे."

दुपारी साहेब तिला आणि आणखी एकीला एका जुन्या इमारतीत घेऊन गेले. सुरक्षेचे पट्टे बांधून, डोक्यावर हेल्मेट चढवून ते तिघं लिफ्टच्या डब्याच्या छतावर उभे राहिले. वर अंधारात दोर सरळ गेलेले, भिंतींवर मजल्यांचे आकडे रंगवलेले. साहेबांनी तपासणीच्या पेटीवरची बटणं समजावून सांगितली. वर जायचं एक, खाली जायचं एक, आणि लाल, ते थांबायचं.

"आधी लाल दाबून बघायचं," ते म्हणाले. "थांबता येतं याची खात्री झाली, की मग हलायचं."

मुंगीनं लाल दाबलं, सोडलं. मग साहेबांनी बॅटरीच्या उजेडात तिच्याकडे बघत सहज विचारलं, "अठरा महिने झाले की जाणार ना तू?"

"एकोणिसाव्या महिन्यात विचारा, सर," ती म्हणाली.

साहेब मोठ्यानं हसले. ते हसू वरपर्यंत घुमत गेलं. "बरं. चल, वर घे."

तिनं बटण दाबून धरलं आणि डबा तिघांना घेऊन सावकाश वर निघाला.